आठ खुर्च्या, चार मिनिटं

आयबीपीएसच्या पीओ किंवा क्लार्क पदाच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न असतात आणि त्यांच्यासाठी मिळतात २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद. इंग्रजीचा विभाग लवकर उरकला म्हणून तिथली वाचलेली वेळ इकडे वापरता येत नाही, कारण प्रत्येक विभागाचं घड्याळ वेगळं चालतं. या ३५ प्रश्नांतले बरेचसे, अनेकदा निम्मे किंवा त्याहून जास्त, एकाच जातकुळीचे असतात. आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, सात मित्र सात मजल्यांवर राहतात, नऊ खोकी एकावर एक रचली आहेत, अशी माहिती द्यायची आणि तिच्यावर पाच प्रश्न विचारायचे. मुलं याला ‘सेट’ किंवा ‘पझल’ म्हणतात. मांडणी जमली तर पाचही प्रश्न मिनिटभरात सुटतात आणि नाही जमली तर पाचही हातचे जातात. अर्धवट मांडणीवर अंदाजाने उत्तरं ठोकली, तर प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाचा पाव गुण कापला जातो, ते वेगळंच.

म्हणून हिशोब असा मांडावा लागतो. तीन सेट घेतले आणि प्रत्येकाला चार मिनिटं दिली, तर १५ प्रश्नांना १२ मिनिटं लागतात. उरलेल्या २० सुट्या प्रश्नांसाठी आठ मिनिटं राहतात, म्हणजे प्रश्नामागे २४ सेकंद. ओढाताण होते, पण जमतं. तेच एका सेटने सात मिनिटं खाल्ली की सगळं गणित कोलमडतं. त्यामुळे या विभागाची तयारी म्हणजे मुख्यतः सेट चार मिनिटांत आणण्याची तयारी, आणि त्यासाठी सगळे जण जुन्या पेपरांकडे वळतात.

अडचण पुढे सुरू होते. पुण्याच्या पेठांमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत शेकडो सेट सोडवलेली मुलं-मुली भेटतील. वह्या भरलेल्या असतात, पण वेळ सहा-सात मिनिटांवरच अडकलेली असते. कारण सरळ आहे. सेट सुटला की बरोबरची खूण करायची आणि पुढचा घ्यायचा, हीच सगळ्यांची पद्धत. ‘सुटला का’ एवढंच विचारलं जातं. तो कोणत्या माहितीपासून सुटला, कुठे अडला, वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केली असती तर अर्ध्या वेळात झाला असता का, हे कुणी पाहत नाही. माझ्या मते जुना सेट पहिल्यांदा सोडवताना फारसं शिकायला मिळत नाही. खरं शिक्षण दुसऱ्यांदा सोडवताना होतं.

जुने पेपर म्हणजे नेमके कुठले, हेही आधी पाहून घ्यावं. बँकांच्या परीक्षा संगणकावर होतात आणि आयबीपीएस प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाजारात ‘मागील वर्षांचे पेपर’ म्हणून जे मिळतात ते ‘मेमरी बेस्ड’ असतात, म्हणजे परीक्षा देऊन बाहेर आलेल्या उमेदवारांनी आठवून सांगितलेले आणि क्लासवाल्यांनी जुळवलेले. सुट्या प्रश्नाचं आठवणीवर निभावतं. सेटमध्ये मात्र ‘डावीकडे’चं ‘उजवीकडे’ झालं किंवा एक ओळ गळाली तरी पूर्ण सेट बिघडतो. बिघडलेला सेट ओळखताही येतो. सगळी माहिती वापरूनही दोन वेगळ्या मांडण्या उरत असतील, तर एखादी ओळ गळालेली आहे. एकही मांडणी बसत नसेल, तर एखादी ओळ चुकलेली आहे. दोनदा शांतपणे करून तेच निघालं तर तो सेट खोडून टाकावा आणि स्वतःला दोष देत बसू नये. याउलट एमपीएससी आणि यूपीएससी आपले पेपर अधिकृतपणे प्रसिद्ध करतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यांत बैठकव्यवस्थेचे प्रश्नही येतात. त्यांचा वेग बँकेइतका कडक नाही, पण शब्दरचना खात्रीची असते. अचूकपणे वाचायची सवय तिथून लावावी आणि वेगाचा सराव बँकेच्या सेटवर करावा.

आता एक सेट समोर घेऊ. पूर्वपरीक्षेच्या धाटणीचा आहे, नावं फक्त आपली घातली आहेत. अमोल, भारती, चेतन, दीपा, एकनाथ, फरीदा, गणेश आणि हेमा हे आठ जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून, सारख्या अंतरावर बसले आहेत. माहिती छापलेली आहे ती या क्रमाने:

१. गणेश हा भारतीच्या डावीकडे दुसरा आहे.
२. एकनाथ हा चेतनच्या शेजारी नाही आणि हेमाच्याही शेजारी नाही.
३. अमोल आणि हेमा यांच्यामध्ये दोन जण बसले आहेत.
४. अमोल हा चेतनच्या उजवीकडे तिसरा आहे.
५. फरीदा ही दीपाच्या शेजारी नाही.
६. दीपा चेतनच्या बरोबर समोर आहे.

पुढे वाचण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहिलंत, तर बाकीचा लेख जास्त उपयोगी पडेल.

पहिली ओळ वाचली की बहुतेकांचा हात लगेच चालतो. भारतीला एक जागा दिली, तिच्या डावीकडे दुसऱ्या जागेवर गणेश बसवला. दुसरी ओळ नकाराची आहे, ती अजून कुठेच लागू होत नाही. मग तिसरी. अमोल आणि हेमा यांच्यात दोन जण असतील अशा जोड्या उरलेल्या सहा खुर्च्यांमध्ये चार निघतात, आणि दोघांची अदलाबदल धरली तर शक्यता आठ होतात. परीक्षेच्या भाषेत ‘केस’ आठ झाल्या. इथे कागद भरतो, खाडाखोड सुरू होते आणि मिनिट-दीड मिनिट निघून जातं. यात चूक काहीच झालेली नाही. चौथी आणि सहावी ओळ आल्यावर आठच्या दोन केस होतात आणि उत्तरही मिळतं. फक्त ते सहाव्या-सातव्या मिनिटाला मिळतं.

हाच सेट दुसऱ्यांदा घेताना आधी सगळ्या ओळी नुसत्या वाचायच्या, काहीही न मांडता. वाचताना एकच पाहायचं, की कोणाचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं आहे आणि कोणती ओळ जागा पक्की ठरवते. चेतन तीन ओळींत आहे, आणि त्यांतल्या दोन, म्हणजे चौथी आणि सहावी, ठाम आहेत. मग चेतनला खालच्या खुर्चीवर बसवू. गोल टेबलावर पहिला माणूस कुठेही बसवता येतो. त्याला खालीच बसवण्याचं कारण असं, की तो आपल्याच दिशेने तोंड करून बसतो आणि त्याचा उजवा हात आपल्या उजव्या हाताला येतो. त्या खुर्चीला १ क्रमांक देऊ आणि उजव्या हाताने पुढे जात २, ३ असे ८ पर्यंत मोजू.

अमोल उजवीकडे तिसरा, म्हणून ४ वर. दीपा समोर, म्हणून ५ वर. आता तिसरी ओळ. अमोल आणि हेमामध्ये दोन जण, तर हेमा १ वर असेल किंवा ७ वर. १ वर चेतन आहे, म्हणून हेमा ७ वर. जी ओळ मघाशी आठ केस करत होती, तिने या वेळी एकही केस केली नाही. सेट तोच, ओळ तीच, फक्त तिची पाळी बदलली. या सगळ्या सरावाचा गाभा एवढाच आहे.

उरल्या २, ३, ६ आणि ८ या खुर्च्या. आता बाजूला ठेवलेली नकाराची ओळ बाहेर काढायची. चेतनचे शेजार २ आणि ८, हेमाचे ६ आणि ८. एकनाथ यांपैकी कुठेच नको, म्हणून तो ३ वर. मग पहिली ओळ. गणेश भारतीच्या डावीकडे दुसरा हवा, आणि जागा उरल्या २, ६, ८. भारती ८ वर असेल तर गणेश ६ वर आणि फरीदा २ वर. भारती २ वर असेल तर गणेश ८ वर आणि फरीदा ६ वर. या दोन केस कागदावर शेजारी-शेजारी मांडायच्या, एकीवर दुसरी खोडून नाही. पाचवी ओळ सांगते की फरीदा दीपाच्या शेजारी नाही. ६ ही दीपाच्या शेजारची खुर्ची, म्हणून दुसरी केस बाद. चेतन, फरीदा, एकनाथ, अमोल, दीपा, गणेश, हेमा, भारती, असा उजव्या हाताने क्रम लागला. वाचनासकट हे अडीच-तीन मिनिटांत होतं.

शेवटी पंधरा-वीस सेकंद आणखी द्यावी लागतात. पूर्ण मांडणीवर बोट ठेवून सहाही ओळी पुन्हा तपासायच्या, विशेषतः नकाराच्या. घाईत हेच टाळलं जातं. पाच प्रश्न एका मांडणीवर टांगलेले असताना ही पंधरा सेकंदं वाचवणं म्हणजे खोटी काटकसर आहे.

दुसऱ्या खेपेला आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘दीपाच्या उजवीकडे दुसरं कोण?’ असा प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर, म्हणजे हेमा, पहिल्या तीन ओळी मांडताच मिळालेलं होतं. ‘गणेशच्या समोर कोण?’ याला मात्र मांडणी शेवटपर्यंत न्यावी लागते. तिथे फरीदा आहे. प्रत्यक्ष परीक्षेत सेट अर्ध्यावर अडकला तर जेवढं पक्कं झालं आहे तेवढ्यावर एखाद-दोन प्रश्न सुटतात का ते पाहून घ्यावं. केस उरलेल्या असतील आणि दोन्ही केसमध्ये उत्तर तेच येत असेल, तर ते उत्तर पक्कंच आहे. त्यासाठी सेट पूर्ण सोडवायची गरज नाही.

अचूकतेची एक चूक फार लपून राहते आणि ती सरावातच पकडावी लागते. मध्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला जातो. पुष्कळ जण तो घड्याळाच्या दिशेने धरतात आणि तरीही त्यांची उत्तरं बरोबर येतात! असं होतं, कारण मांडताना उजवं-डावं उलटं धरलं आणि प्रश्न सोडवतानाही तसंच उलटं मोजलं, तर दोन्ही उलटं एकमेकांना खाऊन टाकतात. उत्तरसूची जुळते, म्हणून चूक कळत नाही. मग एखाद्या दिवशी पेपरात ‘घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास’ असे शब्द येतात, किंवा काही जण बाहेर तोंड करून बसतात आणि मोजणारा एकासाठी दिशा फिरवतो, दुसऱ्यासाठी विसरतो. तिथे पाचही उत्तरं जातात आणि आज नशीब नव्हतं असं वाटतं. म्हणून उत्तर जुळलं तरी एकदा आपली आकृती छापील स्पष्टीकरणातल्या आकृतीशी ताडून पाहावी. ती आरशातल्यासारखी उलटी दिसली तर दिशा चुकते आहे.

वाचनातल्या चुका त्यामानाने साध्या. ‘भारतीच्या डावीकडे दुसरा गणेश’ हे मांडताना गणेशच्या डावीकडे भारतीला बसवणं ही सर्वांत मोठी. ज्याच्या नावापुढे ‘च्या’ आहे, त्याच्यावर बोट ठेवून तिथून मोजायचं, एवढी सवय पुरते. सरळ रांगेच्या सेटमध्ये ‘डावीकडून तिसरा’ आणि ‘अमुकच्या डावीकडे तिसरा’ यांची गल्लत होते. पहिलं रांगेच्या टोकापासून मोजायचं, दुसरं त्या माणसापासून.

एका सेटसाठी तीन बैठका ठेवाव्यात. पहिल्या बैठकीत घड्याळ लावायचं, पण मर्यादा घालायची नाही. किती वेळ लागला तो लिहायचा, मग सात मिनिटं लागोत की बारा. त्याच वेळी वहीत तीन गोष्टी टिपायच्या: पहिली ठाम जागा कोणत्या ओळीने दिली, जास्तीत जास्त किती केस झाल्या आणि आकृती पुन्हा काढावी लागली का. दुसरी बैठक त्याच दिवशी, उत्तर माहीत असताना. इथे उत्तर शोधायचं नसतं, सर्वांत कमी केस होतील असा ओळींचा क्रम शोधायचा असतो. आपल्या सेटमध्ये तो चौथी, सहावी, तिसरी, दुसरी, पहिली, पाचवी असा निघाला. हा क्रम वहीत आकड्यांनी लिहून ठेवायचा. तिसरी बैठक आठवड्याभराने, चार मिनिटांचा गजर लावून. उत्तर आठवेल अशी भीती वाटत असेल तर नावं बदलावीत आणि सगळे ‘उजवे’ ‘डावे’ करून टाकावेत. सेट नवा होतो, सांगाडा तोच राहतो.

अशा वीस-पंचवीस सेटच्या नोंदी झाल्या की त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. एखाद्याची आकृती दर वेळी पुन्हा काढावी लागत असते, म्हणजे तो पूर्ण वाचण्याआधीच मांडायला बसतो. एखाद्याच्या केस तीनच्या वर जातात, म्हणजे तो ठाम ओळीआधी ‘मध्ये दोन जण’ सारखी दोन्हीकडे फिरणारी ओळ वापरतो. एखाद्याची मांडणी बरोबर येते, पण पाचातलं एक उत्तर चुकतं, म्हणजे घाई प्रश्न वाचताना होते, मांडताना नाही. इलाज तिघांचे वेगळे आहेत. ‘अजून प्रॅक्टिस कर’ हा सल्ला तिघांनाही तितकाच निरुपयोगी आहे.

या सरावाला मर्यादाही आहेत. मजल्यांचे, खोक्यांचे, महिन्यांचे सेट याच पद्धतीने सुटतात, तिथे फक्त वर-खाली किंवा आधी-नंतर असतं. पण मुख्य परीक्षेत बैठकीबरोबर प्रत्येकाचं गाव, वय, नातं असं दोन-तीन पदरी गुंफलेलं येतं आणि कधी रांगेत माणसं किती आहेत हेच सांगितलेलं नसतं. अशा सेटला चार मिनिटांचं माप लावू नये. शिवाय पेपरकर्ते धाटणी बदलत राहतात, त्यामुळे जुन्या सेटवरून उद्याचा सेट ओळखता येत नाही. ओळींतली ठाम ओळ ओळखण्याची नजर तेवढी येते.

आणखी एक कमतरता घरच्या सरावात हमखास राहते. पुस्तकातल्या सेटवर आपण ओळींखाली रेघा मारतो, वापरलेल्या ओळीवर काट मारतो. परीक्षेत माहिती पडद्यावर असते आणि हातात फक्त रफ कागद. पडद्यावर काट मारता येत नाही, त्यामुळे एखादी ओळ वापरायचीच राहून जाते. यावर साधा उपाय म्हणजे रफ कागदाच्या कोपऱ्यात १ ते ६ आकडे लिहायचे आणि ओळ वापरली की तो आकडा खोडायचा. शेवटचे पंधरा दिवस तरी सेट संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून, पुस्तकाला हात न लावता सोडवावेत.

सेट सोडून देण्याचा नियमही सरावातच ठरवून घ्यावा, परीक्षेच्या खोलीत नाही. सगळ्या ओळी वाचून दीड मिनिट झालं आणि एकही जागा पक्की झाली नाही, किंवा तीनपेक्षा जास्त केस उघड्या पडल्या, तर तो सेट तिथेच ठेवून पुढच्याकडे जावं. वर दिलेला सेट आठवड्याभराने नावं आणि दिशा बदलून पुन्हा घ्या, चार मिनिटांचा गजर लावा आणि पहिली ठाम जागा किती सेकंदांत मिळाली तेवढं वहीत लिहा.